आधी मुलाचं रक्त तपासा

‘असल्या तपासण्या निघाल्या तर आपल्या पोरींची लग्नं मोडतील.’ सटाण्यातल्या एका सामाजिक सभागृहात हे वाक्य उच्चारलं गेलं आणि त्यावर टाळ्या पडल्या. वधू-वर मेळावा होता. एका डॉक्टरबाईंना पाहुण्यांचं स्वागत आणि जेवणाच्या पंगती यांच्या मधला थोडा वेळ दिला होता. सोयरीक ठरवण्याआधी मुलाची आणि मुलीची थॅलेसेमियाची तपासणी करून घ्या, एवढंच त्या सांगत होत्या आणि ते का करायचं, हेही सोप्या भाषेत समजावत होत्या. त्या खाली बसल्या, पुढच्या रांगेतले एक नाना उठले, वरचं वाक्य टाकलं आणि सभा जिंकून बसले. डॉक्टरबाईंच्या वीस मिनिटांच्या भाषणाला मिळाल्या नाहीत इतक्या टाळ्या त्या एका वाक्याला मिळाल्या.

मी लॅब चालवतो. रक्ताचे रिपोर्ट हा माझा धंदा आहे, त्यामुळे ‘तुमचा गल्ला भरतो म्हणून तुम्हाला पुळका’ असंही कोणी म्हणेल. म्हणू दे. पण नानांच्या त्या वाक्याचा समाचार घेतल्याशिवाय मला चैन पडणार नाही, कारण ते एकट्या नानांचं नाही. पंगतीत माझ्या डाव्या-उजव्या हातालाही तेच चाललं होतं. एकजण म्हणाले, हा सिंधी-पंजाब्यांचा आजार, आपल्यात नाही. दुसरे म्हणाले, आम्ही पत्रिका बघतो, गोत्र बघतो, रक्तगटसुद्धा विचारतो, आणखी काय बघायचं? एक आप्पा तर अहिराणीतच बोलले, ‘आमना घरमा असं काईच नही.’ आणि या सगळ्याच्या तळाशी तीच एक भीती, की पोरीला काही निघालं तर तिला कोण करणार?

म्हणजे यांच्या मते दोष तपासणीत आहे, आजारात नाही. आजार कळला नाही की तो नसतो. ही समजूत खरी असती तर मी उद्याच लॅबला कुलूप घातलं असतं.

आधी डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते नीट ऐकू, कारण सभागृहात अर्धे लोक मोबाइलवर होते. रक्ताला लाल रंग देणारं हिमोग्लोबिन बनवायला दोन प्रकारच्या साखळ्या लागतात. त्यातली बीटा साखळी बनवायचं जनुक प्रत्येकाकडे दोन प्रतींत असतं, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. यातली एक प्रत बिघडलेली असली तर दुसरी काम भागवते. बाईंनी बैलजोडीचा दाखला दिला. जोडीतला एक बैल अधू असला तरी औत चालतं, जरा हळू चालतं इतकंच. अशा माणसाला वाहक म्हणतात, रिपोर्टात ‘थॅलेसेमिया मायनर’ असं लिहितात. तो शेती करतो, कुस्ती खेळतो, म्हातारा होतो. त्याला औषध लागत नाही, पथ्य लागत नाही, कारण तो आजारीच नाही. भारतात शंभरात तीन-चार माणसं अशी आहेत आणि बहुतेकांना मरेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही.

गाठ पडते ती वाहकाचं लग्न वाहकाशी झाल्यावर. मग प्रत्येक गरोदरपणात चार शक्यता असतात. मुलाला दोन्हीकडून चांगली प्रत मिळेल, ही एक. एक चांगली आणि एक बिघडलेली मिळेल, अशा दोन, म्हणजे मूल आईबापांसारखंच वाहक. आणि दोन्हीकडून बिघडलेलीच मिळेल, ही चौथी. त्या चौथ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर. शंभरात पंचवीस. इथेही लोक सोयीचा हिशोब मांडतात, की पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे आता पुढची तीन चांगली. तसं नसतं. प्रत्येक वेळी फासे नव्याने पडतात. दोन मुलं लागोपाठ मेजर झालेली घरं असतात आणि चारही धडधाकट झालेलीही असतात.

आता नानांच्या वाक्याकडे येतो. पोरींची लग्नं मोडतील. नाना, पोरींचीच का? आजार आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा आल्याशिवाय होतच नाही. एकटी आई कितीही पक्की वाहक असली तरी तिच्या एकटीमुळे मेजरचं मूल जन्माला येऊ शकत नाही. मग बदनामी फक्त मुलीची कशी होते? होते, कारण आपण सगळे ती तशी करतो. मूल पांढरंफटक पडलं, वाढ खुंटली की सासू म्हणते, सुनेच्या माहेरचंच रक्त कमी. आज तपासणी न करताही बोट तिच्याकडेच जातं. तपासणीचा कागद हातात असता तर त्यावर नवऱ्याचंही नाव असतं. पोरीच्या अब्रूची एवढी काळजी असेल तर हा कागद तिचा कैवारी आहे. तपासणीला विरोध करून नाना नक्की कोणाला वाचवतात?

यातून एक साधा मार्ग निघतो आणि तो बाईंनी सांगितलाही होता, पण तेव्हा माइक खरखरत होता. आधी मुलाचं रक्त तपासा. मुलगा वाहक नसेल तर मुलगी वाहक असली तरी त्यांच्या पोटी थॅलेसेमिया मेजरचं मूल होत नाही. तिला त्यासाठी सुई टोचायचीही गरज उरत नाही. शंभरातल्या पंच्याण्णवाहून जास्त सोयरिकींत विषय मुलाच्या एका नळीवर संपतो. हे मी काढलेलं खूळ नाही. इराणने १९९७ साली लग्नाआधीची तपासणी सक्तीची केली तेव्हा क्रम हाच ठेवला, आधी पुरुष, त्याच्या रक्तात खूण दिसली तरच स्त्री. लॅबच्या अंगानेही तेच सोयीचं आहे. आपल्याकडच्या मुलींत लोहाची कमतरता इतकी सर्रास आहे की त्यांचा रिपोर्ट गढूळ येतो, मुलांचा त्या मानाने निर्मळ. मग मेळाव्यात कोणीच कसं म्हणालं नाही, की चला, पहिल्यांदा पोरांची रांग लावा? एक वेळ चर्चाच बंद करू, पण मुलाच्या दंडाला सुई लागता कामा नये, असा हा हिशोब आहे.

‘आमचा पोरगा धडधाकट आहे, त्याला काय तपासायचं?’ तर अशाच एका धडधाकट पोराचा रिपोर्ट कसा असतो ते सांगतो. समजा वय २६, स्वतःचा ट्रॅक्टर चालवतो, तक्रार काही नाही. साध्या सीबीसीत हिमोग्लोबिन १२.१. गावातला कोणीही म्हणेल, थोडं कमी आहे, डाळिंब खा. आपल्या बागलाणात डाळिंबाला काय तोटा! पण त्याच कागदावर खाली दोन ओळी असतात, त्या कोणी वाचत नाही. एक, तांबड्या पेशींची संख्या, ६.१ दशलक्ष. दुसरी एमसीव्ही, म्हणजे एकेका पेशीचं आकारमान, ६३. ते ८० च्या वर असायला हवं. म्हणजे पेशी खुज्या आहेत, पण भरपूर आहेत. ६३ ला ६.१ ने भागा. उत्तर १० च्या आसपास येतं. ते १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया वाहकाचा संशय घ्यायचा.

आता त्या कागदाच्या शेजारी लोह कमी असलेल्या मुलीचा कागद ठेवा. हिमोग्लोबिन ९.२, पेशी ३.९ दशलक्ष, एमसीव्ही ७२. भागाकार १८ च्या वर. इथे कच्चा माल नाही म्हणून पेशी लहानही आहेत आणि कमीही आहेत. हिला लोहाच्या गोळ्यांनी गुण येईल. त्या पोराला वर्षभर गोळ्या चारल्या तरी आकडा हलणार नाही, कारण त्याच्याकडे लोह आहे, बिघाड साखळीत आहे. कित्येक घरांत असे कागद ड्रॉवरमध्ये पडून असतात आणि घरचे गोळ्यांची कंपनी बदलत बसतात.

हा भागाकार म्हणजे निकाल नव्हे, एवढं मान्य. एकाच माणसात दोन्ही गोष्टी असल्या की तो फसवतो. पक्कं करायला एचपीएलसी नावाची तपासणी लागते. त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात. हिमोग्लोबिन ए-२ हा प्रकार सर्वसाधारण माणसात तीन टक्क्यांच्या आत-बाहेर असतो, वाहकात तो ४ च्या वर जातो. ३.५ ते ४ च्या मधे अडकला तर घाई करायची नाही. लोह फार कमी असेल तर ए-२ खोटं खाली दिसतं, बी-१२ कमी असेल तर खोटं वर. ती कमतरता भरून काढून पुन्हा मोजायचं, तरीही शंका राहिली तर जनुकाची तपासणी. अलीकडे रक्त चढवलं असेल तर तीन महिने थांबायचं, नाहीतर मोजमाप रक्तदात्याचं होईल. खर्च म्हणाल तर खासगी लॅबमध्ये हजाराच्या आगेमागे, आणि आयुष्यात एकदाच. हळदीच्या डीजेवाल्याला आपण याहून जास्त तर नुसती टीप देतो.

तालुक्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यातल्या काही पालकांनी सांगितलं, की आमच्या पोरांची सिकलसेलची तपासणी शाळेतच झाली आहे, मग हे कशाला? हा मात्र खरा प्रश्न होता आणि त्याला उत्तर द्यायला हवं. शिबिरात सिकलसेलसाठी जी द्रावणाची झटपट चाचणी करतात, तिला थॅलेसेमियाचा वाहक दिसतच नाही. आणि सिकलसेलचा वाहक आणि थॅलेसेमियाचा वाहक यांचं लग्न झालं तरी पंचवीस टक्के धोका असतोच. त्या मुलाला सिकल-बीटा थॅलेसेमिया होतो, जो सिकलसेलसारखाच छळतो. एचपीएलसीत दोन्ही एकाच कागदावर कळतं. एकच काम दोनदा नको असेल तर हीच तपासणी करा.

आता पत्रिकेची गोष्ट. बायोडेटा उघडा. रास, नाडी, गण, गोत्र, रक्तगट. एकनाडी निघाली तर संततीला धोका म्हणून स्थळ सोडणारी माणसं मला माहीत आहेत. म्हणजे संततीच्या काळजीने स्थळ सोडायला यांची हरकत नाही! हरकत आहे ती काळजीचं कारण नळीत दिसण्याला. बिचाऱ्या मुलीची नाडी जुळली नाही म्हणून बदनामी होत नाही, मग ए-२ ने का व्हावी? रक्तगटाचं तर आणखी नवल. ए, बी, ओ यांचा थॅलेसेमियाशी काडीचा संबंध नाही. दोघांचा गट सारखा असला तर लग्न करू नये, ही तर निव्वळ अफवा आहे. आरएच निगेटिव्ह बाईला गरोदरपणात लक्ष लागतं, त्यावर इंजेक्शन आहे, विषय संपला. जिथे खरा प्रश्न आहे तो रकाना बायोडेट्यात नाही आणि जिथे प्रश्नच नाही तो ठळक अक्षरांत छापला आहे.

गोत्राचा आधार घेणाऱ्यांना एवढंच विचारतो, गोत्र कोणाकडून येतं? बापाकडून. बीटा साखळीचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे आणि ते आईकडूनही येतं. आईच्या बाजूने आलेला बिघाड गोत्राच्या चाळणीतून सरळ खाली पडतो. आपल्याकडे मामाची मुलगी करतात. ‘घरातलंच स्थळ, पारखलेलं रक्त’ असं म्हणतात. जरा मांडून बघा. मुलगा वाहक आहे आणि ते त्याच्या आईकडून आलं आहे. मग आईला ते तिच्या आईबापांपैकी एकाकडून आलं असणार. तिचा सख्खा भाऊ, म्हणजे मामा, वाहक असण्याची शक्यता निम्मी. मामाच्या मुलीची पाव. अनोळखी स्थळात शंभरात तीन-चारचा धोका होता, तो या पारखलेल्या रक्तात पंचवीसवर गेला. मामाची मुलगी करू नका, असं मी म्हणत नाही. ती करायची असेल तर मात्र तपासणीला नाही म्हणायची सोय अजिबात नाही. आणि पिढ्यान्पिढ्या पाच-पंचवीस गावांतच सोयरिकी करणाऱ्या समाजाने ‘आमच्यात नाही’ म्हणायचं, तर तपासल्याशिवाय म्हणू नये. सिंध्यांमध्ये हा आजार जास्त दिसतो हे खरं. पण त्यांनी तपासण्या केल्या, हेही त्याचं एक कारण आहे. सरकारी मार्गदर्शक सूचनांत जास्त प्रमाण असलेल्या समाजांच्या यादीत सिंधी, पंजाबी, गुजराती आहेत तसे आपल्या राज्यातले महार, कोळी आणि सारस्वतही आहेत.

‘देवाची मर्जी’ म्हणणारेही भेटले. सटाण्यात हे ऐकून मला खरोखर राग आला. आपलं ग्रामदैवत कोण? देव मामलेदार यशवंतराव महाराज. दुष्काळात माणसं मरताना त्यांनी मर्जी-बिर्जी म्हटलं नाही, सरकारी खजिना उघडला. त्यांच्या यात्रेत रथ ओढायचा आणि पोराच्या बाबतीत नशिबावर रेलायचं, ही कुठली भक्ती?

आणि ज्याला नशीब म्हणता ते दिसतं कसं? मूल जन्मतः गुटगुटीत असतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि त्याला बीटा साखळी लागत नाही. सहा महिन्यांनंतर ते ओसरतं. मूल पांढरं पडतं, दूध सोडतं, पोट फुगतं. निदान झालं की दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, कायमचं. सटाण्याहून नाशिक गाठायचं तर नव्वदेक किलोमीटर. बाप मजुरी बुडवून बसतो, पिशवी मिळाली तर ठीक, नाहीतर दाता शोधायचा. पुढचं संकट त्या पिशवीतच असतं. एका पिशवीतून दोनशे मिलिग्रॅमच्या वर लोह शरीरात जातं आणि शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकतं. वर्षाला वीस-बावीस पिशव्या धरल्या तर चार ग्रॅमहून जास्त लोह आत साठतं. धडधाकट मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगात तेवढंच असतं. ते यकृतात बसतं, वाढीच्या ग्रंथींत बसतं आणि शेवटी हृदयात. म्हणून रोज लोह काढणारं औषध, पाण्यात विरघळवून, उपाशीपोटी. ते चुकलं की दोन-चार वर्षं वरून काही दिसत नाही, मग एकदम हृदय दगा देतं. गावभर लोक त्या मुलाला गूळ-खजूर खा सांगतात आणि ते मूल नेमकं लोहानेच खंगत असतं. बोन मॅरो बदलून बरं होता येतं, पण सख्ख्या भावंडाशी जुळणी व्हायची शक्यता चारात एक आणि खर्च लाखांत. नाना, याच्यापुढे मोडलेली बैठक फार मोठं संकट आहे का?

राहता राहिला बदनामीचा मुद्दा, आणि तो मी सगळाच हसण्यावारी नेत नाही. ग्रीसमधल्या ऑर्खोमेनोस गावात गेल्या शतकात सिकलसेलची तपासणी झाली. तिथेही लग्नं जुळवूनच व्हायची. लोकांना वाहक म्हणजे काय ते नीट उमगलंच नाही, वाहकांना बट्टा लागला, काहींनी निकाल लपवले आणि आजारी मुलांचा प्रश्न सुटला नाही. नाना म्हणतील, बघा! पण पुढे बघा ना. सायप्रसमध्ये सात माणसांत एक थॅलेसेमियाचा वाहक. तिथल्या चर्चने लग्नासाठी दाखला मागायला सुरुवात केली. त्या दाखल्यावर निकाल नसतो. फक्त एवढंच लिहिलेलं, की तपासणी झाली आणि सल्ला दिला. दोघंही वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी ठरल्याप्रमाणे लग्नच केलं. मग गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करून पुढचं ठरवलं. तिथे मेजरची नवी मुलं जवळजवळ जन्मेनाशी झाली. लग्नं मोडून नव्हे, माहिती असल्यामुळे. गर्भाची ही तपासणी आपल्याकडेही होते, मुंबईत केईएमच्या आवारातल्या संस्थेत होते, आणि कायद्याला ती मान्य आहे. पण तिच्यासाठी आईबाप दोघांचा बिघाड आधी माहीत असावा लागतो. ‘लग्नानंतर बघू’ म्हणणाऱ्यांची सून लॅबमध्ये येते तेव्हा पाचवा महिना उजाडलेला असतो.

ऑर्खोमेनोसचा धडा तपासणी नको असा नाही, निकाल चव्हाट्यावर नको असा आहे. तेव्हा मेळाव्याच्या व्यासपीठावर नावं वाचू नका, पुस्तिकेत मायनर-नॉर्मल छापू नका. निकाल बंद पाकिटात त्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्या, मामाच्या नाही आणि मध्यस्थाच्या तर मुळीच नाही. शक्यतो हे सगळं बारावी-कॉलेजातच उरकून घ्या, कारण सुपारी फुटल्यावर कोणाला खरं ऐकायचं नसतं. आणि पुढच्या मेळाव्याच्या फॉर्मवर रक्तगटाचा रकाना काढून त्या जागी एक ओळ छापा: थॅलेसेमियाची तपासणी झाली आहे, हो किंवा नाही. निकाल विचारू नका. ही ओळ आधी मुलांच्या फॉर्मवर घाला, मुलींच्या नंतर. ज्या मुलाचा बाप तिथे ‘नाही’ लिहील, त्याच्याशी बैठक करायची की नाही, हे मुलीच्या बापाने ठरवावं. इतकी वर्षं नकार द्यायचा मान त्याच्या वाट्याला फारसा आलेला नाही.